घसारा राहून गेला, नफा वाटून झाला – मग फरक कोणाचा ?



हिशेबाचा एक प्रश्न आमच्याकडे आला आहे. तो आहे बारावीच्या वाणिज्य शाखेचा, पण ऊस वाहतुकीचा ट्रॅक्टर भागीत चालविणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या घरात तो आज ना उद्या उभा राहणार, म्हणून तो जरा विस्ताराने घेत आहोत.

आपल्या एका सभासदांच्या मुलीने पुस्तकातल्या उदाहरणाचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला. सोबत तिने केलेल्या तक्त्याचाही फोटो होता आणि खाली एकच ओळ : "समायोजनाच्या तक्त्याची बेरीज शून्य यायला पाहिजे असं वर्गात सांगितलंय, माझी ७६,००० येते, कुठं चुकलं ?" त्याच कागदावर तिच्या वडिलांनीही लिहिले होते, "आमचा तिघांचा ट्रॅक्टर आहे. आम्ही पण घसारा-बिसारा काही धरत नाही, वर्षाअखेर जे उरतं ते वाटून घेतो. चालतं का ?" प्रश्न दोन, पण मूळ एकच. म्हणून दोघांना मिळून उत्तर देतो.

उदाहरण थोडक्यात असे. अ, ब आणि क हे तिघे ऊस वाहतुकीच्या संस्थेत भागीदार आहेत. करारपत्राप्रमाणे नफा २ : २ : १ या प्रमाणात वाटायचा, भांडवलावर द.सा. ६ टक्के व्याज द्यायचे, आणि क स्वतः ट्रॅक्टर चालवतो म्हणून त्याला दरमहा ६,००० रुपये पगार द्यायचा. ३१ मार्च २०२४ रोजी संपलेल्या वर्षाचा नफा २,८२,००० रुपये आला. हिशेबनीसाने करारपत्र न पाहता तो तिघांत सारखा वाटला आणि प्रत्येकाच्या भांडवल खात्यात जमा केला. व्याज नाही, पगार नाही. नंतर असेही ध्यानात आले की १ एप्रिल २०२३ रोजी घेतलेल्या ६,००,००० रुपयांच्या ट्रॅक्टरवर आणि १ ऑक्टोबर २०२३ रोजी घेतलेल्या १,६०,००० रुपयांच्या दोन ट्रॉल्यांवर द.सा. १० टक्के घसारा आकारायचा राहून गेला आहे. नफा जमा केल्यावर भांडवलाची शिल्लक अ ची ४,९४,०००, ब ची २,९४,००० आणि क ची १,९४,००० होती. वर्षात कोणी उचल केलेली नाही. आता एकाच नोंदीने दुरुस्ती करून दाखवा.

प्रथम घसारा. मुलीने ट्रॅक्टरवर ६०,००० आणि ट्रॉल्यांवर १६,००० धरले आहेत. ट्रॅक्टरचे बरोबर, ट्रॉल्यांचे चूक. कारण फोटोतच दिसते. पान मधल्या घडीपाशी वाकले आहे आणि 'द.सा. १० टक्के' यातले 'द.सा.' हे शब्द घडीच्या सावलीत गेले आहेत. तिने फक्त '१० टक्के' वाचले. या दोन अक्षरांनी काय फरक पडतो ते बघा. 'दर साल' म्हटले की मालमत्ता जितके महिने वापरली तितक्याच महिन्यांचा घसारा. ट्रॉल्या १ ऑक्टोबरला आल्या, म्हणजे ३१ मार्चपर्यंत सहा महिने. १,६०,००० चे १० टक्के १६,०००, त्याचे निम्मे ८,०००. 'द.सा.' नसेल, नुसते '१० टक्के घसारा आकारा' असेल, तर शाळा-कॉलेजच्या बहुतेक पुस्तकांतला संकेत असा की खरेदी कोणत्याही तारखेची असो, घसारा पूर्ण वर्षाचा धरायचा. तेव्हा तिने जे वाचले त्याप्रमाणे तिचे गणित बरोबरच होते, वाचनात गफलत झाली. फोटोवरून उदाहरण सोडवणाऱ्यांनी तारखा आणि टक्क्यांच्या आसपासची अक्षरे मूळ पानावर एकदा बोट ठेवून वाचावीत. आकडा सहसा स्पष्ट येतो, त्याच्या शेजारचा शब्दच सावलीत जातो.

तर घसारा एकूण ६०,००० अधिक ८,०००, म्हणजे ६८,००० रुपये.

दुसरी गोष्ट व्याजाची, आणि ही तिने अचूक केली आहे. भांडवलावरील व्याज वर्षाच्या सुरुवातीच्या भांडवलावर द्यायचे असते. उदाहरणात मात्र शेवटची शिल्लक दिली आहे, तीही नफा मिळवून झाल्यावरची. पुष्कळ विद्यार्थी ४,९४,००० वर सरळ ६ टक्के काढून मोकळे होतात. ते चूक, कारण त्यातले ९४,००० हे ३१ मार्चला जमा झालेले आहेत, वर्षभर धंद्यात राबलेले नाहीत. म्हणून जमा केलेला नफा वजा करून मागे जायचे : अ चे ४,००,०००, ब चे २,००,०००, क चे १,००,०००. कोणी उचल केली असती तर ती परत मिळवावी लागली असती. इथे नाही. व्याज झाले अनुक्रमे २४,०००, १२,००० आणि ६,०००. मिळून ४२,०००. क चा पगार बारा महिन्यांचा ७२,०००.

आता खरा वाटायचा नफा किती उरला ? २,८२,००० मधून घसारा ६८,००० गेला, राहिले २,१४,०००. हाच संस्थेचा खरा नफा. त्यातून व्याज ४२,००० आणि पगार ७२,००० दिला की उरतात बरोबर १,००,०००. ते २ : २ : १ ने वाटले की ४०,०००, ४०,००० आणि २०,०००. एवढे हातात आल्यावर तक्ता मांडणे सोपे आहे. तक्त्याचे तत्त्व एवढेच : प्रत्येकाला काय मिळायला हवे होते ते वर लिहायचे, काय मिळाले ते खाली लिहायचे आणि वजाबाकी करायची.

समायोजनाचा तक्ता (रुपयांत)

| तपशील | अ | ब | क | एकूण |
|---|---|---|---|---|
| भांडवलावरील व्याज | २४,००० | १२,००० | ६,००० | ४२,००० |
| पगार | – | – | ७२,००० | ७२,००० |
| उरलेला नफा (२ : २ : १) | ४०,००० | ४०,००० | २०,००० | १,००,००० |
| मिळायला हवे होते | ६४,००० | ५२,००० | ९८,००० | २,१४,००० |
| प्रत्यक्ष जमा झाले | ९४,००० | ९४,००० | ९४,००० | २,८२,००० |
| फरक | ३०,००० जास्त | ४२,००० जास्त | ४,००० कमी | ६८,००० जास्त |

आता मुलीच्या मूळ शंकेकडे येऊ. शेवटच्या ओळीची बेरीज शून्य का येत नाही ?

वर्गात सांगितले ते खोटे नाही, पण ते एका प्रकारापुरते खरे आहे. समजा घसारा राहिलाच नसता, फक्त व्याज, पगार आणि प्रमाण चुकले असते. मग संस्थेचा एकूण नफा तोच राहिला असता, भांडण फक्त तिघांच्या आपापसातले असते. एकाच्या ताटात जास्त पडले ते दुसऱ्याच्या ताटातून गेले. तिथे जास्त आणि कमी यांची बेरीज शून्य यायलाच हवी, नाही आली तर गणित चुकले म्हणून समजावे. पण इथे वाढायलाच ६८,००० रुपये जास्त घेतले होते. ते कोणा भागीदाराच्या ताटातून आलेले नाहीत, ते ट्रॅक्टरच्या आणि ट्रॉल्यांच्या किमतीतून आलेले आहेत. म्हणून ते परत तिकडेच गेले पाहिजेत. शेवटच्या ओळीची बेरीज राहून गेलेल्या घसाऱ्याइतकी, म्हणजे ६८,०००, आली की तक्ता जुळला. मुलीचे ७६,००० आले, कारण ट्रॉल्यांचा घसारा ८,००० ने जास्त धरला होता. शून्य आले नाही यात तिचे काहीच चुकले नव्हते.

याच जागी दुसरी एक गडबड होते. बेरीज शून्य आलीच पाहिजे या हट्टाने काही जण घसारा तक्त्यातूनच काढून टाकतात, नाहीतर ६८,००० चे तीन सारखे भाग करून कसेबसे बसवतात. नफा मुळात सारखा वाटला गेला होता म्हणून घसाराही सारखा, अशी त्यामागची समजूत. तसे नाही. घसारा आधी नफ्यातून जातो, आणि उरलेला नफा कराराच्या प्रमाणात वाटला जातो, म्हणून घसाऱ्याचा भारही त्याच प्रमाणात पडतो. अ वर २७,२००, ब वर २७,२००, क वर १३,६००. पडताळा पाहायचा असेल तर घसारा बाजूला ठेवून १,६८,००० आधी २ : २ : १ ने वाटा आणि मग हे आकडे वजा करा. पुन्हा ४०,०००, ४०,००० आणि २०,००० वरच येता.

तक्त्यावरून रोजकीर्दीची नोंद अशी होते :

| तपशील | नावे रु. | जमा रु. |
|---|---|---|
| अ चे भांडवल खाते ना. | ३०,००० | |
| ब चे भांडवल खाते ना. | ४२,००० | |
| क च्या भांडवल खात्याला | | ४,००० |
| ट्रॅक्टर खात्याला | | ६०,००० |
| ट्रॉली खात्याला | | ८,००० |
| एकूण | ७२,००० | ७२,००० |

नोंदीच्या दोन्ही बाजू जुळल्या. ट्रॅक्टर आता ताळेबंदात ५,४०,००० ला आणि ट्रॉल्या १,५२,००० ला दिसतील. क कडे लक्ष द्या. घसारा धरल्यामुळे त्याच्याही वाट्यातून १३,६०० गेले, तरी पगार न मिळाल्याने तो मुळात इतका तोट्यात होता की दुरुस्तीनंतरही त्याचे ४,००० येणेच निघाले. जो वर्षभर स्टेअरिंगवर बसला त्याचेच येणे राहिले होते आणि वरवर पाहता तिघांना सारखे मिळाल्याने कोणाला काही खटकले नव्हते.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे. त्यांच्या भागीत करारपत्र नाही, तोंडी ठरले आहे. भारतीय भागीदारी कायदा १९३२ सालचा. त्याचे १३ वे कलम असे सांगते की भागीदारांत वेगळे ठरले नसेल तर नफा-तोटा सारखा वाटायचा, धंद्यात काम केल्याबद्दल कोणाला पगार नाही आणि भांडवलावर व्याज नाही. भांडवलापेक्षा जास्त रक्कम कोणी संस्थेला दिली असेल तर त्यावर मात्र द.सा. ६ टक्के व्याज. म्हणजे उदाहरणातल्या हिशेबनीसाने जे केले ते करारपत्र नसलेल्या भागीत कायद्याला धरूनच झाले असते. तोंडी करारही चालतो, पण वाद झाला तर तो सिद्ध करावा लागतो. आपल्यातला जो ट्रॅक्टर चालवतो त्याला काही द्यायचे असे तिघांच्या मनात असेल तर ते कागदावर उतरवलेले बरे, नाहीतर कायद्याच्या लेखी त्याचे श्रम फुकट.

पण घसाऱ्याचे तसे नाही. पगार आणि व्याज द्यायचे की नाही हे भागीदारांनी ठरवायचे. ट्रॅक्टर झिजायचा की नाही हे कोणी ठरवत नाही. हा भेद मंदीच्या वर्षात उघडा पडतो. समजा वरच्याच संस्थेला घसाऱ्याआधी १,०६,००० एवढेच मिळाले. घसारा ६८,००० पूर्ण जाणार. उरले ३८,०००. व्याज आणि पगार मिळून हक्क आहे १,१४,००० चा, म्हणजे हातात आहे त्याच्या तिप्पट. मग पुस्तकी रीतीने प्रत्येकाला हक्काचा एक तृतीयांश मिळेल : अ ला ८,०००, ब ला ४,०००, क ला २६,०००, आणि वाटायला नफा शिल्लक नाही. आणि समजा ५०,००० च मिळाले, तर घसाऱ्यानंतर १८,००० तोटा. तो २ : २ : १ ने सोसायचा, व्याज-पगार काही नाही. भांडवलावरील व्याज फक्त नफ्यातूनच द्यायचे असे त्याच १३ व्या कलमात आहे. क ऐवजी बाहेरचा ड्रायव्हर ठेवला असता तर गोष्ट वेगळी. त्याचा पगार हा खर्च, तो तोटा झाला तरी द्यावाच लागतो. भागीदाराचा पगार हा नफ्यातला वाटा आहे, नाव फक्त पगाराचे. करारात मुद्दाम वेगळे लिहिले असेल तरच तो खर्च समजला जातो.

घसारा न धरता वाटत राहिले तर होते काय, हेही आकड्यांत पाहू. उदाहरणातला ट्रॅक्टर घ्या, स्थिर हप्त्याने वर्षाला ६०,००० झिजणारा. पाच हंगाम झाले. वहीत तो अजून ६,००,००० चाच आहे, खरा हिशेब ३,००,००० चा. मधले ३,००,००० नफा म्हणून घरोघरी गेले, लग्नात, घरबांधणीत, बोअरमध्ये संपले. आता अ म्हणतो, मला भागी सोडायची, माझा हिस्सा द्या. वहीतल्या किमतीने हिशेब केला तर तो ३,००,००० च्या फुगवट्यातले आपले दोन पंचमांश, म्हणजे १,२०,०००, जास्त घेऊन जाणार आणि मागे राहिलेले दोघे ते भरणार. आणि पुनर्मूल्यांकन करून ट्रॅक्टर ३,००,००० ला आणला, तर अ च्या खात्यातून १,२०,००० एका दिवसात वजा होणार. वर्षाला २४,००० प्रमाणे कळत नकळत सोसले असते ते एकदम अंगावर येते, आणि मग 'मला फसवलं' हे शब्द निघतात. फसवलेले कोणीच नसते.

मात्र घसारा वहीत लिहिला म्हणजे नव्या ट्रॅक्टरची रक्कम आपोआप बाजूला पडली, असेही समजू नये. घसाऱ्याच्या नोंदीने एक रुपयाही पेटीत येत नाही. ती एवढेच करते की ६८,००० नफा म्हणून वाटले जात नाहीत, धंद्यात राहतात. पण ते डिझेलच्या उधारीत, टायरमध्ये किंवा तोडणी मुकादमाला दिलेल्या उचलीत अडकलेले असू शकतात. बदलीच्या वेळी रोख हवी असेल तर तेवढी रक्कम दरवर्षी वेगळ्या ठेवीत टाकावी लागते. शिवाय १० टक्के स्थिर हप्ता हा पुस्तकातला दर आहे. उसाच्या फडात, चिखलात, दोन ट्रॉल्या ओढून चालणारा ट्रॅक्टर दहा वर्षे टिकेल का, आणि मोडीत काय येईल, हे ज्याने तो चालवला त्यालाच ठाऊक. किमतीतून मोडीची अपेक्षित किंमत वजा करून उरलेल्याला टिकण्याच्या वर्षांनी भागले की आपला स्वतःचा हप्ता निघतो. प्राप्तिकराच्या विवरणात घसारा वेगळ्या रीतीने, घटत्या शिल्लकीवर धरतात. तो आकडा आणि भागीदारांनी आपापसात वाटणीसाठी धरायचा आकडा एकच असेल असे नाही, त्यांची सरमिसळ करू नये.

राहिला प्रश्न आजवर वाटून झालेल्या रकमांचा. उदाहरणातली दुरुस्ती ३१ मार्च २०२४ ची वही बंद झाल्यावर सापडली, म्हणून नोंद १ एप्रिल २०२४ च्या तारखेने नव्या वहीत घालायची, जुन्या वहीत खाडाखोड करायची नाही. अ आणि ब यांची शिल्लक नोंदीनंतर ४,६४,००० आणि २,५२,००० होते, त्यांना खिशातून काही आणावे लागत नाही. तुमच्या भागीत नफा खात्यावर न ठेवता रोखीने घरी नेला असेल, तर नोंदीमुळे एखाद्याचे खाते उणे बाजूला जाऊ शकेल. तेवढी रक्कम त्याने आता भरायची, की येत्या हंगामाच्या वाट्यातून वळती करायची, हे तिघांनी बसून ठरवावे आणि ठरेल ते वहीत त्याच पानावर लिहून तिघांनी सह्या कराव्यात.